खाडा आपला, भुर्दंडही आपलाच

महिन्याला दोन खाडे माफ, तिसऱ्याला थोडी कुरकुर आणि दिवाळीला एक पगार जास्त. पुण्या-मुंबईकडच्या घरकामाचा हा करार कुठे लिहिलेला नसतो, तरी दोन्ही बाजूंना पाठ असतो. मावशी आल्या नाहीत तर भांडी आपण घासायची, आपण चार दिवस गावाला गेलो तरी त्यांचा पगार कापायचा नाही. घासाघीस होते, रुसवेफुगवे होतात, पण हिशेब महिन्याचा असल्यामुळे कुठला दिवस वाया गेला हे कुणी मोजत बसत नाही.

घरसफाईच्या आणि धुलाईच्या पॅकेजमध्ये मात्र एकेक दिवस मोजलेला असतो. तीन महिन्यांत बारा व्हिजिट, किंवा महिन्याला तीस किलो कपडे, पैसे आधी. सुट्या कामापेक्षा दर बराच कमी दिसतो आणि बहुतेक लोक तेवढंच पाहून पैसे भरतात. खरा दर किती पडला हे मुदत संपल्यावरच कळतं, कारण तो छापलेल्या व्हिजिटवर ठरत नाही, प्रत्यक्षात पार पडलेल्या व्हिजिटवर ठरतो. पॅकेजच्या अटींचं पान कितीही लांबलचक असलं, तरी त्यातला जवळजवळ प्रत्येक नियम एकाच प्रश्नाचं उत्तर असतो: ठरलेली पाळी हुकली, तर ती कुणाच्या खात्यातून जाणार?

नऊचा आकडा

हिशेबासाठी एक नमुना घेऊ. कोथरूडमधलं दोन बेडरूमचं घर, नवरा-बायको दोघंही नोकरीला. बारा व्हिजिटचं पॅकेज 5,400 रुपयांचं. सफाईच्या सेवेवर 18 टक्के जीएसटी लागतो, म्हणजे 972 रुपये. एकूण 6,372. एका व्हिजिटला 531 रुपये पडले. तीच व्हिजिट सुटी बोलावली तर 600 अधिक जीएसटी, म्हणजे 708. प्रत्येक वेळी 177 रुपयांची बचत, असं जाहिरातीत लिहिता येईल आणि ते खोटंही नसेल.

आता 6,372 ला 708 ने भागा. उत्तर येतं बरोबर नऊ. म्हणजे बारापैकी नऊ व्हिजिट झाल्या तर पॅकेज आणि सुटी सेवा सारखीच पडली. दहावीपासून पुढे फायदा, आणि आठच झाल्या तर सुटी बोलावली असती तर बरं झालं असतं. कुठलंही पॅकेज घेण्याआधी हा एक भागाकार करावा. भरायची सगळी रक्कम, भागिले सुट्या व्हिजिटचा करासह दर. येणारा आकडा आपल्याला गाठता येईल का, एवढंच मग पाहायचं.

तीन महिन्यांत नऊ शनिवार कुणालाही सहज जमतील असं वाटतं. 2025 सालचं कॅलेंडर समोर ठेवून पाहू. या पॅकेजची मुदत नव्वद दिवस, व्हिजिट दर शनिवारी सकाळी. पैसे भरले सोमवारी, 1 सप्टेंबरला. मुदत पैसे भरल्यापासून सुरू झाली, ती 29 नोव्हेंबरला संपणार. या काळात शनिवार आले तेरा. बारा व्हिजिट आणि एक शनिवार शिल्लक, म्हणजे तसं ठीक.

पहिलाच शनिवार 6 सप्टेंबर, अनंत चतुर्दशी. पुण्यात त्या दिवशी कोण कुठून कसं येणार? शिल्लक असलेला एकुलता एक शनिवार तिथेच गेला. 13, 20 आणि 27 तारखेला काम व्यवस्थित झालं. दसरा गुरुवारी, 2 ऑक्टोबरला होता. शुक्रवारी दोघांनी रजा टाकली आणि दापोलीला जायचं ठरवलं. शनिवारची व्हिजिट पुढे ढकलायला हवी हे शुक्रवारी दुपारी गाडीत लक्षात आलं. नियम चोवीस तास आधी कळवण्याचा, हातात वीससुद्धा उरले नव्हते. कस्टमर केअरवरून शांतपणे सांगितलं गेलं, ‘मॅडम, तुमची व्हिजिट कन्झ्युम झाली.’

11 ऑक्टोबरची व्हिजिट झाली. 18 तारखेला धनत्रयोदशी, त्या आणि पुढच्या शनिवारीही कंपनीकडेच माणसं नव्हती. कामगार आपापल्या गावी गेलेले. ‘काळजी करू नका, तुमच्या दोन्ही व्हिजिट खात्यात सुरक्षित आहेत,’ असा मेसेज आला. तो खरा होता, मुदत मात्र हलली नाही. नोव्हेंबरच्या 1, 8 आणि 15 तारखेला काम झालं. 22 ला नाशिकला लग्न होतं. या वेळी आठवणीने तीन दिवस आधी कळवून ती मंगळवारी घेतली. 29 ला शेवटची. खात्यातल्या त्या ‘सुरक्षित’ दोन व्हिजिट त्याच रात्री बाराला संपल्या.

एकूण झाल्या नऊ. एक उशिरा कळवल्यामुळे गेली, दोन मुदतीत बसल्या नाहीत. 6,372 भागिले नऊ, 708. तीन महिने पैसे आगाऊ अडकवून, शनिवारची सकाळ बांधून घेऊन, सुट्या सेवेच्याच दरात काम झालं. आणि यात कुणी आजारी पडलं नाही, कुणाचा पाय मुरगळला नाही. साध्या सणावाराच्या तीन महिन्यांतलं हे गणित आहे.

मुदत का असते

मुदत म्हणजे निव्वळ पैसे उकळण्याची युक्ती, असं समजणंही बरोबर नाही. दीड तासाचं काम आणि दोन घरांमधला प्रवास धरला तर सफाईचा एक कामगार दिवसात चार घरं करतो, फार तर पाच. शनिवारी सकाळी दहाची त्याची वेळ तुम्ही धरून ठेवली आणि आयत्या वेळी नको म्हणालात, तर ती दुसऱ्या कुणाला विकायला उशीर झालेला असतो. सुटलेल्या एसटीतली रिकामी सीट पुढच्या गाडीला जोडता येत नाही, तसंच हे. शिवाय सगळ्यांच्या उरलेल्या व्हिजिट कायम जिवंत राहिल्या, तर दिवाळीच्या आदल्या आठवड्यात सगळेच एकदम हक्क सांगायला येतील.

म्हणून चोवीस तासांचा नियम बऱ्यापैकी न्याय्य म्हणावा लागतो. आयत्या वेळच्या रद्द व्हिजिटचे पैसे कामगाराला मिळतात की कंपनी ठेवते, हेही एकदा विचारून पाहावं. जिथे त्यातला वाटा कामगाराला मिळतो तिथे ती व्हिजिट गेल्याचं फारसं वाईट वाटू नये.

पण त्या नियमाच्या पोटात आणखी काही गोष्टी दडलेल्या असतात. पहिली गोष्ट, मुदतीचं घड्याळ कधी सुरू होतं? पैसे भरल्यापासून, की पहिल्या व्हिजिटपासून? वरच्या घरात ती पहिल्या व्हिजिटपासून, म्हणजे 13 सप्टेंबरपासून मोजली असती, तर 11 डिसेंबरपर्यंत गेली असती आणि 6 डिसेंबरचा एक शनिवार आणखी मिळाला असता. दुसरी, मुदतीच्या आत व्हिजिट बुक करायची की पुरी व्हायला हवी? ‘बुक केलेली चालेल’ असं असेल तर 29 नोव्हेंबरच्या रात्री डिसेंबरच्या तारखा घेऊन ठेवता येतात. ‘पुरी व्हायला हवी’ असं असेल तर शेवटच्या पंधरवड्यात सगळ्यांचीच झुंबड उडते आणि सोयीच्या वेळा मिळत नाहीत.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. कंपनीने स्वतः पाळी चुकवली तर मुदत तेवढ्या दिवसांनी वाढते का? नमुन्यातल्या घराच्या दोन व्हिजिट इथेच बुडाल्या. व्हिजिट परत खात्यात जमा करणं आणि ती वापरायला दिवस देणं या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिली सगळेच देतात, दुसरी मागितल्याशिवाय मिळत नाही. म्हणून कंपनीकडून रद्द झाल्याचा मेसेज आला की त्याच दिवशी, त्याच चॅटमध्ये, मुदतवाढ लेखी मागावी. मुदत संपल्यावर मागितली की ती ‘विनंती’ होते.

वेळ बदलण्यालाही मर्यादा असते. पुष्कळ पॅकेजमध्ये दोन किंवा तीनदाच तारीख फुकट बदलता येते आणि बदललेली व्हिजिट पुन्हा बदलता येत नाही. वर्षभराच्या पॅकेजमध्ये कधी कधी ‘पॉज’ची सोय असते, पण पॉजच्या काळात मुदतही थांबते की फक्त व्हिजिट थांबतात, हे तपासावं. मुदत चालूच राहत असेल तर त्या पॉजचा उपयोग शून्य.

आणि एक व्हिजिट दारात येऊनही जाते. कामगार सोसायटीच्या गेटवर पोचतो, वॉचमन अ‍ॅपवर परवानगी मागतो, आपला फोन सायलेंटवर असतो. दहा-पंधरा मिनिटं थांबून तो ‘ग्राहक उपलब्ध नाही’ अशी नोंद करतो आणि पुढच्या घरी निघतो. तो खोटं बोलत नाही आणि आपणही घरातच असतो. ठरलेल्या दिवशी गेटवर आधीच नोंद करून ठेवली तर हा खाडा टळतो.

व्हिजिट म्हणजे नेमकं काय

व्हिजिट मोजली गेली, पण तिच्यात काय येतं? पॅकेज दोन जातींची असतात. एकात वेळ विकलेला असतो, दुसऱ्यात काम. ‘दीड तास’ असं लिहिलं असेल तर दारात ओटीपी दिला की घड्याळ सुरू, आणि दीड तासात जे होईल ते झालं. कामाची यादी दिली असेल तर यादी पुरी होईपर्यंत माणूस थांबायला हवा. पुष्कळ ठिकाणी दोन्ही लिहिलेलं असतं आणि मग प्रत्यक्षात जे आधी संपेल ते चालतं. दोन बेडरूमच्या घरात केर, फरशी, धूळ झटकणं, ओटा आणि दोन बाथरूम हे दीड तासात बसतं, पण जेमतेम. सिंकमध्ये भांडी असली तर एखादं बाथरूम राहून जातं.

यादीतल्या शब्दांकडेही नीट पाहावं. ‘किचन क्लीनिंग’ म्हणजे ओटा, शेगडी, सिंक आणि कपाटांची दारं बाहेरून. कपाटं रिकामी करून आतून पुसणं, फ्रिज आतून, चिमणीची जाळी, हे बहुतेक वेळा वेगळं ‘डीप क्लीनिंग’ असतं. ‘बाथरूम क्लीनिंग’मध्ये फरशी, कमोड, बेसिन आणि हात पोचेल तिथपर्यंतच्या टाइल्स येतात. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या पाण्याने नळांवर आणि काचेवर जे पांढरे क्षाराचे थर चढतात, ते रोजच्या सफाईत निघत नाहीत. त्याला अ‍ॅसिडयुक्त द्रावण लावून थांबावं लागतं आणि ते बहुधा यादीत नसतं. संगमरवरावर असलं द्रावण चालतही नाही, दगडाची चकाकी जाते. पंखे आणि माळे यांना शिडी लागते. शिडी चढणं पुष्कळ पॅकेजमध्ये नाहीच, आणि खिडकीच्या बाहेरच्या बाजूला तर कुणी हात घालूच नये.

याचा व्हिजिटच्या संख्येशी थेट संबंध आहे. दिवाळीआधी पंखे आणि जाळ्या करून द्या म्हटलं की ‘मग आज दोन व्हिजिट धराव्या लागतील’ असं उत्तर येतं. ते मान्य करायला हरकत नाही. उलट मुदत संपत आली असेल आणि व्हिजिट उरल्या असतील, तर त्या एकत्र जोडून एका दिवसात तीन तासांचं मोठं काम करून घेणं हा बुडणारे पैसे वाचवण्याचा सगळ्यात चांगला मार्ग आहे. कंपनीलाही तो सोयीचा पडतो, कारण माणसाचा एक प्रवास वाचतो. नमुन्यातल्या घराने 29 नोव्हेंबरला हे विचारलं असतं, तर खात्यातल्या दोन व्हिजिटमध्ये पंखे आणि खिडक्यांच्या जाळ्या स्वच्छ झाल्या असत्या. विचारायचं मात्र चार-पाच दिवस आधी, आयत्या वेळी माणसाची पुढची घरं ठरलेली असतात.

किलोचा काटा

धुलाईच्या पॅकेजमध्ये व्हिजिटच्या जागी किलो येतात आणि पैसे वेगळ्या वाटेने गळतात. महिन्याला तीस किलो, करासह 2,100 रुपये, म्हणजे सत्तर रुपये किलो, हा एक नमुना घेऊ. पिकअपला येणारा मुलगा दारात हुकचा छोटा डिजिटल काटा काढतो, पिशवी त्याला अडकवून उचलतो आणि आकडा अ‍ॅपमध्ये टाकतो. हा आकडा आपण पाहायचा असतो, पण आपण तोवर कुकरची शिट्टी बंद करायला आत गेलेले असतो.

समजा पिशवी 4.2 किलोची आहे आणि अटींमध्ये ‘किमान सहा किलो’ आहे. मग खात्यातून सहा जातात. अशा पाच फेऱ्या झाल्या की तीस किलो संपले, धुतले गेले एकवीस. 2,100 भागिले एकवीस, शंभर रुपये किलो. सत्तरचा दर कागदावरच राहिला. यावर उपाय साधा आहे: फेऱ्या कमी करून पिशवी भरू द्यायची. जीन्स सहाशे-सातशे ग्रॅमपर्यंत भरते, अंघोळीचा जाड टॉवेल अर्धा किलो, शर्ट जेमतेम पाव किलो. दोन-तीन चादरी-टॉवेल पुढच्या खेपेसाठी थांबवले, तर सहाची रेघ सहज गाठता येते. जड कपडे किलोवर आणि शर्ट-कुडते नगावर द्यावेत, असं काही जण करतात, तेही हिशेबाला धरून आहे. फक्त किलोच्या दरात इस्त्री आहे की नुसतं धुऊन घडी घालणं आहे, हे आधी पाहावं.

पावसाळ्यात आणखी एक गंमत होते. मुंबईत किंवा कोकणात जुलैमध्ये टॉवेल कधीच पुरता वाळत नाही. दमट कपडे पिशवीत टाकले की पाण्याचं वजनही आपल्याच किलोतून जातं. पिकअपच्या आदल्या रात्री टॉवेल पंख्याखाली टाकून ठेवले तर ते वाचतं. रेशमी आणि लोकरीचे कपडे, जरीच्या साड्या किलोच्या धुलाईत घेत नाहीत. चुकून पिशवीत गेले तर जबाबदारी आपल्यावर येते. कपडा खराब झाल्यास भरपाई बहुधा धुलाईच्या दराच्या काही पटीपर्यंतच असते, साडीच्या किमतीएवढी नसते. म्हणून पावतीवर वजनाबरोबर नगांची संख्याही लिहून घ्यावी. वजनावरून एक शर्ट हरवल्याचं सिद्ध करता येत नाही.

उरलेले किलो पुढच्या महिन्यात जातात का, हाही मुदतीचाच प्रश्न. काही ठिकाणी एकच महिना पुढे जातात, तेही पुढच्या महिन्याचे पैसे भरले तरच. म्हणजे उरलेले चार किलो वाचवायला आणखी 2,100 रुपये भरायचे.

पैसे परत मागताना

मधेच पॅकेज बंद केलं तर परतावा मिळतो, पण तो कसा मोजतात हे पाहण्यासारखं आहे. आपल्या नमुन्यात पाच व्हिजिट झाल्यावर घर बदललं असं समजू. आपल्याला वाटतं, उरलेल्या सातचे 531 प्रमाणे 3,717 रुपये येतील. अटींमध्ये लिहिलेलं असतं की वापरलेल्या व्हिजिट सुट्या दराने धरल्या जातील. मग पाच गुणिले 708, म्हणजे 3,540 वजा होऊन हातात येतात 2,832. सवलत पुरी संख्या घेतल्याबद्दल होती, हा कंपनीचा युक्तिवाद समजण्यासारखा आहे. तो पैसे भरण्याआधी स्पष्ट सांगितला होता का, हा आपला प्रश्न आहे.

पॅकेजला मुदत घालणं बेकायदा नाही. पण 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा ‘अन्याय्य करार’ ओळखतो. करार मोडल्याबद्दल झालेल्या नुकसानाच्या मानाने फारच मोठा दंड लावणारी अट, किंवा ग्राहकाला तोट्यात टाकणारं अवाजवी बंधन, त्यात बसू शकतं. कंपनीकडेच माणसं नसल्यामुळे व्हिजिट झाल्या नाहीत आणि मुदतवाढही नाकारली, तर ती सेवेतली त्रुटी म्हणून तक्रार करता येते. सुरुवात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावरून करावी. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही. दोन्हीकडे विचारलं जातं ते एकच, पुरावा काय? रद्द झाल्याच्या मेसेजचे आणि मागितलेल्या मुदतवाढीचे स्क्रीनशॉट तिथे कामाला येतात.

पॅकेज आपोआप पुन्हा सुरू होणारं असेल तर अ‍ॅपमधली ‘ऑटो-रिन्यू’ची खूण पैसे भरतानाच काढून टाकावी. कार्ड किंवा यूपीआयवर असं ठरावीक पैसे कापण्याआधी चोवीस तास सूचना देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो मेसेज आला की त्याच दिवशी निर्णय घ्यावा. सदस्यत्व सोडणं मुद्दाम अवघड करून ठेवणं हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2023 मध्ये जाहीर केलेल्या तेरा फसव्या पद्धतींच्या यादीत आहे.

किती घ्याव्यात

शेवटी निर्णय संख्येचा. बाराचं पॅकेज सहाच्या पॅकेजपेक्षा नेहमीच स्वस्त दिसतं. पण मुदतीतले शनिवार मोजा, त्यातून सण, लग्नं, परीक्षा आणि ठरलेल्या सहली वजा करा. कंपनीकडून चुकतील असे दोन आणखी कमी करा. जो आकडा उरेल त्याच्या आतलंच पॅकेज घ्यावं. वरच्या घराने हे केलं असतं तर तेरातून चतुर्दशी, दसरा आणि दिवाळीचे दोन असे चार शनिवार आधीच गेले असते. उरले नऊ. तेव्हा त्या घराने सहा व्हिजिटचं पॅकेज घेऊन वरच्या लागतील तशा सुट्या बोलवायच्या होत्या. बाराच हव्या असतील तर त्या जानेवारीत घ्याव्यात. संक्रांतीनंतर पाडव्यापर्यंतचे शनिवार बरेच मोकळे असतात, आणि दिवाळीच्या मानाने कंपनीकडे माणसंही असतात.